क.म. पत्रकातलं पाणी

*नमस्कार. मी काटोल तालुक्यातल्या एका सेवा सहकारी सोसायटीत सात वर्षांपासून गटसचिव आहे. शिक्षण बी.कॉम. हवामान बदल अनुकूलन या विषयातल्या मास्टर्सला अर्ज करायचा आहे, त्यासाठी १००० शब्दांचा एसओपी, म्हणजे हा अभ्यास का करायचा ते सांगणारा निबंध, लागतो. आमच्याकडे मार्च लागला की विहिरी तळ दाखवतात, बगीचे वाळतात. त्यावर मी दोन पानं लिहिली. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी वाचून एवढंच विचारलं, "टंचाई कळली, पण तू शोधणार काय?" त्याचं उत्तर मला देता आलं नाही. माझ्याजवळ ना लॅब, ना आकडेवारी. सोसायटीची दप्तरं तेवढी आहेत. यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा? आणि हे सगळं हवामान बदलामुळे झालं असं लिहू का?*

*— एक गटसचिव, काटोल तालुका*

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. तसं लिहू नका. हवामान बदल खोटा आहे म्हणून नव्हे. तुमच्या विहिरी मार्चमध्ये का आटतात याचं ते एकमेव कारण आहे हे तुम्ही अजून तपासलेलं नाही म्हणून. अर्ज वाचणारा माणूस याच वाक्यावर पेन्सिल टेकवतो. नागपूर जिल्ह्यात सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या मुलखात मार्चलाच विहीर आटते म्हटल्यावर पहिली शंका पावसाच्या एकूण आकड्यावर जात नाही. ते पाणी कशात साठतं आणि कोण किती उपसतं, इकडे जाते.

हा धडा मी स्वतः उशिरा शिकलो. भूजलाच्या कामात नवखा असताना एका गावाच्या अहवालात विहिरी आटण्याचं कारण मी "अपुरा पाऊस" असं लिहून मोकळा झालो. वरच्यांनी सही केली, कुणी काही विचारलं नाही. पुढे कधीतरी सहज पावसाचा तक्ता उघडला, तर त्या वर्षीचा पाऊस सरासरीच्या वर होता. गावातल्या बोअरवेल मात्र मी मोजल्याच नव्हत्या.

आता तुमच्या पायाखालचा दगड बघू. काटोल, नरखेड हा भाग बेसॉल्टचा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. तुमच्या साध्या विहिरीला पाणी येतं ते मुख्यतः मुरमाच्या थरातून. भूजल अंदाजाच्या सरकारी पद्धतीत अशा झिजलेल्या बेसॉल्टचा विशिष्ट जलउतारा २ टक्के धरतात. याचा साधा अर्थ असा, की पाण्याने भरलेला एक मीटर जाडीचा मुरूम पूर्ण निथळला तर हाती दोन सेंटीमीटर पाणी लागतं. बाकीचं एक तर कणांना चिकटून राहतं, नाहीतर तिथे नुसता दगडच असतो.

याचा हिशेब एकदा कागदावर मांडा. समजा, ऑक्टोबरात विहिरीचं पाणी जमिनीपासून ४ मीटरवर आहे आणि तळाशी गेल्यावर ९ मीटरवर. मधला थर ५ मीटरचा. त्याचे २ टक्के म्हणजे १० सेंटीमीटर पाणी. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकरावर, ते होतं १००० घनमीटर, दहा लाख लिटर. ऐकायला मोठा आकडा आहे. आता त्यावर संत्र्याची झाडं लावा. ६ बाय ६ मीटरवर हेक्टरी २७७ झाडं बसतात. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला १०० लिटर धरले, आणि हा आकडा काही जास्त नाही, तर रोज २७,७०० लिटर लागतात. दहा लाखाला २७,७०० ने भागा. उत्तर येतं ३६ दिवस.

म्हणजे एका हेक्टरच्या बगिच्याला त्याच्याच जमिनीखालचं पाणी जेमतेम सव्वा महिना पुरतं. आंबिया बहाराची फुलं यावीत म्हणून झाडांना दिलेला पाण्याचा ताण जानेवारीच्या मध्यावर तोडून पाणी सुरू केलं, तर मृगाचा पाऊस येईपर्यंत सुमारे १५० दिवस काढायचे असतात. मग इतकी वर्षं बगीचे जगले कसे? शेजारच्या पाण्यावर. शेजारी कापूस होता, सोयाबीन होतं, पडीत होतं. त्याखालचं पाणी कुणी उन्हाळ्यात उपसत नव्हतं, ते तुमच्या विहिरीकडे सरकत होतं. एक हेक्टर बगिच्याला चार हेक्टर जमिनीखालचं पाणी मिळालं तर १४४ दिवस निघतात, बरोबर पावसाच्या तोंडापर्यंत. दोनच हेक्टरचं मिळालं तर ७२ दिवस. जानेवारीच्या मध्यापासून मोजलं की मार्च संपता संपता विहिरीला तळ.

हा हिशेब ढोबळ आहे. जानेवारीत झाडाला १०० लिटर लागत नाहीत. गहू, पिण्याचं पाणी, नाल्याला निथळून जाणारं पाणी मी धरलेलं नाही. जमिनीखालचं पाणी धुऱ्यावरून इतकं सरळ सरकतही नाही. पण प्राध्यापकांना हवं होतं ते यातून हाती लागतं: पाणलोटातल्या जमिनीचा किती हिस्सा बगिच्याखाली गेला की विहिरी पावसाळ्यापर्यंत टिकत नाहीत? या प्रश्नाचं उत्तर आकड्यात येऊ शकतं, आणि ते तुमच्या अंदाजाच्या विरुद्धही जाऊ शकतं. "टंचाईचा अभ्यास करायचा आहे" या वाक्यात विरुद्ध जाण्यासारखं काहीच नाही, म्हणून तो प्रश्न होत नाही.

आता त्या दप्तरांबद्दल. "दप्तरं तेवढी आहेत" हे तुमचं वाक्य वाचून मी थोडा वेळ थांबलो. दरवर्षी तुम्ही सभासदांच्या पीक कर्जासाठी क.म. पत्रक भरता. त्यात प्रत्येक सभासदाचं नाव, गट क्रमांक आणि कोणत्या पिकाखाली किती क्षेत्र हे असतं. म्हणजे एका गावात संत्रा कोणत्या वर्षी किती वाढला याची वर्षावर्षाची नोंद तुमच्या लोखंडी कपाटात पडून आहे. शिवाय विहीर, खोलीकरण, मोटर, पाइपलाइन यासाठी मध्यम मुदत कर्ज दिलं असेल तर त्या प्रकरणात तारीख असते आणि जोडलेल्या कोटेशनमध्ये बहुतेक वेळा खोलीही असते. वीस वर्षांत कोणी कधी किती खोल गेलं याची अशी नोंद विद्यापीठात बसून मिळत नाही. अनुकूलनाच्या अभ्यासात लोक नेमकं हेच शोधत असतात: पाणी कमी पडल्यावर माणसं प्रत्यक्षात काय करतात.

पण ही दप्तरं थोडी खोटं बोलतात, आणि कुठे ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. एसओपीत हे तुम्हीच आधी सांगा. पहिलं, संत्र्याला हेक्टरी मिळणारं पीक कर्ज कापसाहून जास्त, त्यामुळे कागदावरचा बगीचा वावरातल्या बगिच्याहून मोठा असण्याचा मोह असतो. दुसरं, थकबाकीदाराला नवीन कर्ज मिळत नाही, त्यामुळे तो त्या वर्षीच्या मंजुरीत दिसतच नाही. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीनंतर काही सभासद पुन्हा पत्रकात आले असतील. त्या वर्षी आकडा उडी मारेल, आणि परक्या अभ्यासकाला वाटेल की गावात एकदम संत्रा वाढला. तिसरं सगळ्यात गंभीर. ज्याचा बगीचा पूर्ण वाळला, ज्याने बोअरसाठी सावकाराकडून किंवा सोनं मोडून पैसा उभा केला, तो तुमच्या दप्तरात नाही. टंचाईचा सगळ्यात मोठा फटका बसलेलीच माणसं तुमच्या आकड्यांतून गळलेली आहेत. हे वाक्य एसओपीत जसंच्या तसं लिहिलंत तरी चालेल. पदवी बी.कॉम.ची आहे की भूगर्भशास्त्राची, हा विचार वाचणाऱ्याच्या मनातून तिथे निघून जाईल.

पहिल्या गळतीवर उपाय आहे. उपग्रहाचं मे महिन्यातलं चित्र बघायचं. मे मध्ये कापूस, सोयाबीन, गहू, चणा सगळं निघालेलं असतं; हिरवं दिसतं ते बहुतांशी बगिच्याचं, थोडंफार आंब्याचं आणि नाल्याकाठच्या झाडांचं. सेंटिनेल-२ या उपग्रहाची १० मीटर बारकाईची चित्रं २०१५ पासून फुकट मिळतात. क.म. पत्रकातलं क्षेत्र आणि मे मधला हिरवा भाग शेजारी ठेवले की कागदाचा फुगवटा कळतो. हे आज तुम्हाला करता आलंच पाहिजे असं नाही. "हे करायला शिकण्यासाठी मला हा अभ्यासक्रम हवा आहे" हेच तर तुम्हाला लिहायचंय. एसओपीत अभ्यासक्रमाची स्तुती करायची जागा असते, तिथे हे वाक्य घाला.

तिसऱ्या गळतीला उपग्रह कामाचा नाही. तिथे घरोघर जाऊनच विचारावं लागेल, आणि गटसचिवाला माणसं खरं सांगतील का, हा प्रश्न उरतोच. वसुलीला येणारी बाई पाण्याचं विचारायला आली की लोक सावध होतात. या भागासाठी दुसऱ्या कुणाची मदत घेणार, हे एका ओळीत सांगा.

मग हवामान बदल कुठे आला? येतो, पण पुराव्यानिशी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुमच्या गावाजवळच्या निरीक्षण विहिरीच्या जमतील तितक्या वर्षांच्या नोंदी जिल्हा कार्यालयाकडे मागा, आणि त्यातले ऑक्टोबरचे आणि मार्चचे आकडे दोन वेगळ्या रेघांनी काढा. ऑक्टोबरची रेघ वर्षानुवर्षं जागेवर आणि मार्चची खाली जात असेल, तर मुरूम दर पावसाळ्यात भरतोय आणि उपसा वाढलाय. ऑक्टोबरचीच रेघ खाली जात असेल, तर पाणी मुळात मुरतच कमी असण्याची शक्यता आहे, आणि मग पावसाकडे वळायला आधार मिळतो.

तेव्हाही नुसती वार्षिक बेरीज बघू नका, पावसाचे दिवस मोजा. हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तरच तो पावसाचा दिवस. तोच हजार मिलिमीटर कमी दिवसांत कोसळला तर काळी माती फुगून तोंड मिटते आणि पाणी नाल्याने निघून जातं. मधे मोठा खंड पडला तर ऐन पावसाळ्यात मोटर सुरू होते. हवामान बदलाचा हात असलाच तर तो बहुधा असा असेल: एक पावसाच्या पडण्याच्या तऱ्हेत, दुसरा उन्हाळ्यात झाडाची तहान वाढण्यात. महसूल मंडळनिहाय रोजच्या पावसाचे आकडे मिळतात, त्यावरून पहिली गोष्ट तपासता येते.

एक पथ्य पाळा. निरीक्षण विहीर उथळ असते, ती मुरमाची हकिकत सांगते. सहाशे-सातशे फुटांचं बोअर खालच्या भेगांमधून पाणी घेतं. ते पाणी किती आणि कुठून आलेलं, यावर निरीक्षण विहिरीकडून निष्कर्ष काढता येत नाही. दोन्हींना एकच "भूजल पातळी" म्हटलंत तर जाणकार तिथेच थांबेल.

आणि याच बोअरपाशी तुमची खरी पंचाईत आहे, जिच्याबद्दल तुमच्या पत्रात काही नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरींवर बंधन घातलं आहे. तुमच्या कर्जप्रकरणांतली कोटेशनं त्याहून कितीतरी खोल असतील. उद्या तुमच्या प्रबंधात गट क्रमांकासह तक्ता छापला गेला, तर तुम्ही आपल्याच सभासदांच्या विरोधात कागद तयार केलात असं होईल. शिवाय ती माहिती तुमच्या मालकीची नाही. सभासदाने ती कर्जासाठी दिली, अभ्यासासाठी नाही. म्हणून एसओपीत तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. संचालक मंडळाचा ठराव घेऊन परवानगी मिळवणार. नावं आणि गट क्रमांक काढून टाकून आकडे गावाच्या किंवा पाणलोटाच्या पातळीवर एकत्र करणार. आणि प्रत्यक्ष मुलाखत घ्यायची तिथे सभासदाची वेगळी संमती घेणार. ठराव अजून झाला नसेल तर "परवानगी आहे" असं लिहू नका, "मागणार आहे" लिहा.

दुसरा एक प्रश्न जोडायचा मोह होईल: टंचाईशी जुळवून घेण्यात कोण टिकतं, कोण बाहेर फेकलं जातं. जोडा, पण तोही याच दगडावर उभा करा. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं घ्या. पावसाचं वाहून जाणारं पाणी त्यात भरलं तर ती साठवण. पण नोव्हेंबर-डिसेंबरात विहिरीतून उपसून ते भरलं, तर मुरमातलं सगळ्यांचं पाणी एकाच्या तळ्यात गेलं, आणि उन्हाळ्यात दिवसाला जवळपास एक सेंटीमीटर उडूनही चाललं. ज्याच्याजवळ तळ्याचे पैसे आहेत त्याच्यासाठी हे अनुकूलन, त्याच्या धुऱ्यापलीकडच्यासाठी मार्चऐवजी फेब्रुवारीतच कोरडी विहीर. तुमच्या गावात किती तळी आहेत, ती कोणत्या महिन्यात कशाने भरतात, हे तुम्हाला घरबसल्या ठाऊक असेल. प्रश्न असा मांडता येईल: विहिरीतून भरलेल्या तळ्याच्या आसपासच्या विहिरी, तळं नसलेल्या भागातल्या विहिरींपेक्षा किती आठवडे आधी आटतात? आठवड्यात मोजता येतो तो प्रश्न ठेवा. "सामाजिक विषमतेवर परिणाम" वगैरे शब्द प्राध्यापकांना वापरू द्या.

आता मसुदा. तुमच्या दोन पानांतून डोक्यावर हंडा घेतलेल्या बायका आणि भेगाळलेली जमीन काढा. खोटं आहे म्हणून नाही. मराठवाड्यातला, बुंदेलखंडातला प्रत्येक अर्जदार तेच लिहितो. एक परिच्छेद मी अंदाजाने लिहून दाखवतो, आकडे तुमचे घाला:

"२०१८ च्या अपुऱ्या पावसानंतर २०१९ च्या उन्हाळ्यात काटोल, नरखेड भागातले संत्र्याचे बगीचे वाळले. त्या उन्हाळ्यात मी ज्या सोसायटीत काम करते तिथे बोअरसाठी कर्ज मागणारे अर्ज वाढले. मी ते अर्ज नियमाप्रमाणे तपासले. सात-बारा, जामीनदार, कोटेशन. एकाच नाल्याकाठच्या अकरा जणांना एकाच हंगामात खोल जाण्यासाठी पैसा मिळाला तर त्या नाल्याखालच्या पाण्याचं काय होईल, हे विचारायला त्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. तो रकाना कसा असावा, हे मला शोधायचं आहे."

अकरा हा आकडा माझा. दप्तर उघडून खरा काढा, आणि तो तीन निघाला तर तीन लिहा. अर्ज वाढलेच नसतील तर ते वाक्यच काढून टाका, आणि का वाढले नाहीत याचा विचार करा. तोही चांगला प्रश्न आहे. यानंतर वरचा हिशेब चार ओळींत, मग पहिला प्रश्न, मग दप्तरांच्या गळत्या, मग तुम्हाला येत नाही ते आणि अभ्यासक्रमातल्या कोणत्या विषयातून शिकणार ते. हवामान बदलाचा शब्द दोन रेघांच्या परिच्छेदात एकदा आला तरी पुरे. तळ्यांच्या प्रश्नाला जागा उरली तर ठीक, नाहीतर तो मुलाखतीसाठी राखून ठेवा.

अर्ज पाठवायला वेळ असेल तर एक काम आजच सुरू करा. ओळखीच्या दहा विहिरी निवडा, पाच दाट बगिच्यातल्या, पाच कापसाच्या वावरातल्या. टेपला वजन बांधून दर पंधरा दिवसांनी काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, आणि काठ जमिनीपासून किती उंच आहे तेही एकदा लिहून ठेवा; ते वजा केलं नाही तर दहा विहिरींची तुलना होणार नाही. मोटर चालून गेल्यावर लगेच मोजलेली पातळी खोटी असते, विहीर भरून यायला वेळ लागतो. शेतीच्या फीडरला वीज कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून "सकाळी मोजलं" एवढं पुरत नाही. मोटर बंद होऊन किती तास झाले हे शेतकऱ्याला विचारून शेजारच्या रकान्यात लिहा, आणि बारा तासांपेक्षा कमी असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.